सकाळी घेतलं, संध्याकाळी मोडलं तर? दागिना, नाणं आणि गोल्ड ईटीएफचा हिशेब

माझी भाची वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी करते. बोनसचे लाखभर रुपये हातात आले, तशी रविवारी फोंड्याला घरी आली आणि चहा यायच्या आधीच म्हणाली, "मामा, चवथीआधी सोनं घ्यायचंय. आई म्हणते चेन घे, बाबा म्हणतात नाणं घे, ऑफिसातली मुलं म्हणतात ईटीएफ घे. तू सांग."

मी तिला उलट विचारलं, "घालणार आहेस?"

"कधीतरी."

वीसेक वर्षं मी पतसंस्थेत सोने तारण कर्जाच्या टेबलावर बसलो. हे 'कधीतरी' लोकांना किती महागात पडतं ते तिथे रोज दिसायचं. माणूस दहा वर्षांपूर्वीचं बिल घेऊन येतो, बिलावरचा आकडा दाखवतो आणि आपण तेवढ्या सोन्याचे मालक आहोत असं समजतो. तराजू आणि कसोटी काही वेगळंच सांगतात. म्हणून भाचीला मी जो हिशेब वहीच्या पानावर करून दाखवला तोच इथे मांडतो. सोन्याचा भाव पुढे चढेल की पडेल हे त्यात नाही. एक लाखाचं सोनं सकाळी घेतलं आणि त्याच संध्याकाळी मोडलं, तर हातात किती परत येतात, एवढंच पाहायचं. जे परत येत नाही ती त्या सोन्याची खरी किंमत.

आकडे सोपे पडावेत म्हणून भाव मनाचे धरतो: २४ कॅरेट १२,००० रुपये ग्रॅम, २२ कॅरेट ११,००० रुपये ग्रॅम. तुम्ही करताना त्या दिवसाचा भाव घाला, पद्धत तीच. आणि वजन ग्रॅममध्येच बोला. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण बाजारात आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. आजी म्हणते तो तोळा आणि दुकानातला तोळा यांत दीड ग्रॅमहून जास्त फरक पडतो.

पहिली पायरी: शुद्धता म्हणजे काय ते समजून घ्या

२४ कॅरेट म्हणजे जवळजवळ निव्वळ सोनं. ते मऊ असतं, त्याचा दागिना टिकत नाही, म्हणून त्यात तांबं, चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५०. हिऱ्याचे आणि नाजूक कलाकुसरीचे दागिने बहुधा १८ चे असतात, कारण खडा घट्ट धरायला धातू कडक लागतो.

दागिन्यावर तीन खुणा शोधा: बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 असा शुद्धतेचा आकडा, आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक. एप्रिल २०२३ पासून या सहा अंकी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. खुणा इतक्या बारीक असतात की भिंग लागतं. दुकानदाराकडे ते असतंच, मागायला लाजू नका.

मग फोनवर BIS Care ॲप उघडा, Verify HUID मध्ये तो क्रमांक घाला. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क कुठल्या केंद्रात आणि कधी झाला हे समोर येतं. बहुतेक जण शुद्धता बघतात आणि ॲप बंद करतात. तुम्ही प्रकारही वाचा. हातात चेन आहे आणि ॲप अंगठी म्हणतंय, तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. तिथून उठायचं.

हॉलमार्क शुद्धतेबद्दल बोलतो, वजनाबद्दल नाही. वजन तुमच्यासमोर व्हायला हवं, आणि खड्यांचं, काळ्या मण्यांचं, लाखेचं वजन वजा करून. आमच्याकडे जुने गोठ तारण ठेवायला यायचे. हातात घेतले की वजनदार, पण आत लाख भरलेली. मालकिणीला ते माहीत नसायचं, आणि ते सांगण्याची वेळ माझ्यावर यायची. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे बारीक कुड्या किंवा मुरणी घेताना सगळी भिस्त शेटवर असते.

दुसरी पायरी: दागिन्याचं बिल उलगडा

आता भाचीची चेन. आठ ग्रॅम, २२ कॅरेट.

सोन्याची किंमत ८८,००० रुपये. त्यावर घडणावळ, म्हणजे आपण ज्याला मजुरी म्हणतो ती, १२ टक्के: १०,५६० रुपये. दोन्ही मिळून ९८,५६०. त्यावर तीन टक्के जीएसटी: २,९५७. हॉलमार्किंगचे पन्नासएक रुपये. सगळं मिळून साधारण १,०१,५७० रुपये.

जीएसटी फक्त सोन्यावर नाही, मजुरीवरही बसला हे लक्षात घ्या. तयार दागिन्याला एकूण रकमेवर तीन टक्के लागतात. स्वतःचं सोनं देऊन घडवून घेतलं तर घडवण्याच्या मजुरीवर पाच टक्के.

संध्याकाळी हीच चेन मोडीत घातली, तर समोरचा फक्त सोनं मोजतो. मजुरी शून्य, जीएसटी शून्य. आठ ग्रॅमचे ८८,०००, त्यातून मोडताना कापतात ती तूट तीन टक्के धरली तर ८५,३६०. म्हणजे एका दिवसात सोळा हजारांच्या वर गेले. हे पैसे भरून यायला सोन्याचा भाव १९ टक्के चढावा लागतो. तोवर तुम्ही नुकसानीतच.

भाचीने हे ऐकून विचारलं, "पण दुकानात तर शंभर टक्के एक्स्चेंज म्हणतात." म्हणतात, आणि देतातही. पण त्या शंभर टक्क्यांत तुम्हाला मिळतो तो नवा दागिना, आणि नव्या दागिन्याची मजुरी नव्याने भरावी लागते. रोख मागून बघा, आकडा लगेच खाली येतो. घेतानाच हे दोन्ही दर विचारून बिलावर लिहून घ्या: एक्स्चेंजला किती, रोखीला किती.

मजुरीचा दर नगावर अवलंबून असतो. मशीनवरची साधी चेन आणि गुळगुळीत बांगडी आठ-दहा टक्क्यांत बसते. टेम्पल कामाचा हार वीस टक्क्यांच्या पुढे जातो. कुणी मजुरी टक्क्यात सांगतं, कुणी ग्रॅमला अमुक रुपये, आणि कुणी मजुरी कमी सांगून शेजारी 'घट' नावाचा वेगळा आकडा लावतं. घट म्हणजे घडवताना वाया गेलेलं सोनं. तुमच्या खिशाच्या दृष्टीने तीही मजुरीच, म्हणून दोन्ही मिळवून टक्के काढा.

चवथ-दिवाळीच्या दिवसांत पणजी-मडगावच्या दुकानांवर 'मजुरीवर ५० टक्के सूट' असे फलक लागतात. सूट खोटी असतेच असं नाही, पण भावाकडे बघा. समजा मजुरी १२ वरून ६ टक्के केली, पण सोन्याचा भाव ११,००० ऐवजी ११,३०० लावला. सहा टक्क्यांनी ५,२८० वाचायला हवे होते. प्रत्यक्षात सोनं ९०,४०० चं झालं, मजुरी ५,४२४, एकूण ९५,८२४. वाचले २,७३६. निम्मी सूट भावात परत गेली. त्या दिवशी दोन दुकानांना फोन करून २२ कॅरेटचा भाव विचारला की हे लगेच उघडं पडतं.

बिलात दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट, आणि हॉलमार्किंगचा खर्च वेगळा लिहिलेला असायलाच हवा. शुद्धता हॉलमार्कवर लिहिल्यापेक्षा कमी निघाली, तर कमी पडलेल्या सोन्याच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या नियमांत आहे. पण त्यासाठी बिल हातात हवं. 'कच्च्यावर घेतलंत तर जीएसटी वाचेल' असं कुणी सुचवलं, तर वाचणाऱ्या तीन टक्क्यांसाठी तुम्ही हा हक्क देऊन टाकता.

तिसरी पायरी: नाणं घेताना

नाण्याला घडणावळ कमी, एवढं सगळ्यांना माहीत असतं. आठ ग्रॅमचं ९९९ शुद्धतेचं नाणं धरू. सोनं ९६,०००. नाणं पाडण्याचा आणि पाकिटाचा खर्च तीन टक्के: २,८८०. जीएसटी २,९६६. एकूण १,०१,८४६. संध्याकाळी दोन टक्के कमी भावाने विकलं तर ९४,०८० हातात. गेले ७,७६६. भाव सव्वाआठ टक्के चढला की बरोबरी. चेनच्या निम्म्याहून कमी अंतर.

पण हे आठ ग्रॅमला. एक ग्रॅमच्या नाण्याला पाकिट तेच आणि ठसाही तोच, त्यामुळे ग्रॅममागे खर्च चांगलाच वाढतो. दरमहा एकेक ग्रॅम घेण्यापेक्षा पैसे साठवून एकदम आठ-दहा ग्रॅम घेतलेलं बरं. आपल्याकडे गुरुपुष्याला वेढणी घेतात, तीही २४ कॅरेटची असते आणि मजुरी अगदी कमी. नाण्यापेक्षा वेढणी कितीला पडते ते एकदा विचारून बघाच.

नाण्यावर ९९५ आहे की ९९९, हे वाचा. दोन्हींना २४ कॅरेटच म्हणतात. फरक हजारात चारचा, आठ ग्रॅमला ३८४ रुपये. फार नाही, पण ९९५ ला ९९९ चा भाव का द्यायचा? आणि काही नाणी २२ कॅरेटचीही असतात, त्यांचा भाव २२ चाच लागला पाहिजे.

माझी फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका बँकेतून दहा ग्रॅमचं नाणं घेतलं. बँक म्हणजे शुद्धतेची हमी, या विचाराने दुकानापेक्षा जास्त पैसे मोजले. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी ते विकायला त्याच शाखेत गेलो. खिडकीवरचा माणूस हसून म्हणाला, "आम्ही विकतो, विकत घेत नाही." बँकांना नाणी परत घेता येत नाहीत, हे सोन्याच्या टेबलावर बसणाऱ्या मलाच माहीत नव्हतं. पुढे बाजारात गेलो तर शेटने विचारलं, "पाकिट कुठे?" ते मी घरी कौतुकाने उघडून नाणं पूजेत ठेवलं होतं. सीलबंद पाकिटातलं नाणं कागदावर बघून घेतात, उघड्याची पुन्हा तपासणी आणि वर तूट. तेव्हा पाकिट फोडू नका, आणि घेण्याआधी त्याच दुकानात विचारा: हे नाणं तुम्ही रोखीने परत घेता का, आणि किती कापता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान बघा.

चौथी पायरी: ईटीएफ

गोल्ड ईटीएफ म्हणजे म्युच्युअल फंडच, फक्त त्याची युनिटं शेअरसारखी बाजारात विकली-घेतली जातात. फंड तुमच्या पैशातून ९९.५ टक्के किंवा त्याहून शुद्ध सोनं घेऊन तिजोरीत ठेवतो. भारतात हा प्रकार २००७ पासून आहे. शुद्धता, मजुरी, तूट हे तिन्ही प्रश्न इथे येत नाहीत, आणि युनिट घेताना तीन टक्के जीएसटीही तुम्हाला भरावा लागत नाही.

शेअर आणि युनिटं ठेवायचं डीमॅट खातं लागतं. तुमच्या नावावर एकच खातं असेल आणि त्यात चार लाखांच्या आतली गुंतवणूक असेल, तर बेसिक सेवेचं डीमॅट मागा. त्याला वार्षिक शुल्क नाही. 

खातं झालं की फंड निवडताना युनिटची किंमत बघून स्वस्त-महाग ठरवू नका. एका फंडाचं युनिट ग्रॅमच्या शंभराव्या भागाजवळ असेल, दुसऱ्याचं वेगळं. बघायच्या गोष्टी दोनच. एक, वार्षिक खर्चाचा दर. तो एक टक्क्याच्या आत असतो, पण फंडाफंडांत फरक आहे. दुसरी, रोजची उलाढाल. उलाढाल कमी असली की घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातलं अंतर वाढतं, आणि वाचवलेला खर्च तिथेच जातो.

ऑर्डर घालताना मिळेल त्या भावाच्या 'मार्केट' ऐवजी तुम्ही ठरवाल त्या भावाची 'लिमिट' निवडा. फंडाच्या वेबसाइटवर iNAV नावाचा आकडा दिवसभर बदलत असतो. युनिटमागच्या सोन्याची त्या क्षणाची किंमत ती. तुमची लिमिट त्याच्या आसपास ठेवा. भाव उसळलेल्या दिवशी बाजारातलं युनिट iNAV च्या वर जाऊ शकतं, आणि मार्केट ऑर्डर ते मुकाट्याने घेऊन टाकते. युनिटं दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात दिसतात.

लाखाचं ईटीएफ सकाळी घेऊन संध्याकाळी विकलं तर दलाली, भावातलं अंतर आणि विकतानाचं डीमॅट शुल्क धरून मी अडीचशे-तीनशे रुपये धरतो. दागिन्याचे सोळा हजार, नाण्याचे पावणेआठ हजार, याचे तीनशे.

इथे ऑफिसातली मुलं थांबतात. मी थांबत नाही, कारण ईटीएफचा खर्च एकदा होऊन संपत नाही. अर्धा टक्का वर्षाला धरला तर लाखामागे पाचशे रुपये दर वर्षी. त्यासाठी फंड सोन्याचा बारीकसा अंश विकत राहतो, म्हणून जुन्या फंडाच्या युनिटमागे आज सुरुवातीपेक्षा कमी सोनं आहे. नाण्याला एकदाच आठेक टक्के गेले, पण नंतर ते घरच्या लॉकरात गप पडून राहतं. अर्ध्या टक्क्याने साधारण पंधरा-सोळा वर्षांनी दोन्ही बरोबरीला येतात. खर्चाचा दर पाऊण टक्का असेल तर दहा-अकरा वर्षांतच. नाण्यासाठी मुद्दाम लॉकर घ्यावा लागत असेल तर भाड्याने हे गणित उलटतं. सात-आठ वर्षांसाठी मी ईटीएफच म्हणेन. नातवासाठी ठेवायचं असेल तर नाण्याचा विचार करेन.

पाचवी पायरी: अडीअडचणीला कशाचे पैसे होतात ते बघा

हे माझ्या टेबलावरचं शहाणपण. जूनमध्ये शाळेची फी, पावसाआधी छपराची कौलं, आणि चवथीचा खर्च, या दिवसांत आमच्याकडे बांगड्या आणि मंगळसूत्रं यायची. तासाभरात माणूस पैसे घेऊन जायचा आणि पुढे दागिना सोडवायचा. ईटीएफच्या युनिटवर असं सोने तारण कर्ज मिळत नाही. नाण्यांवर बँका कर्ज देतात, पण एकूण ५० ग्रॅमपर्यंतच्या. दागिन्याला तिथे जी सोय आहे, ती उरलेल्या दोघांना तितकी नाही. मात्र कर्जही निव्वळ सोन्याच्या वजनावरच ठरतं. वीस टक्के मजुरी दिलेल्या हाराला तिथे साध्या बांगडीइतकाच भाव.

ईटीएफ मात्र विकायला सोपं, आणि हवं तेवढंच विकता येतं. वीस हजारांची गरज असेल तर वीस हजारांची युनिटं विका. चेनचा तुकडा कुणी तोडून विकत नाही.

कराचं थोडक्यात: ईटीएफ बारा महिन्यांहून जास्त आणि दागिना किंवा नाणं चोवीस महिन्यांहून जास्त ठेवलं, तर नफ्यावर साडेबारा टक्के. त्याआधी विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याने कर. दागिन्याची खरेदी किंमत म्हणून बिलाची पूर्ण रक्कम दाखवता येते, मजुरीसकट. बिल जपून ठेवायला हे आणखी एक कारण.

भाचीपुढे हे सगळं मांडून झाल्यावर मी पुन्हा तोच प्रश्न विचारला: "घालणार आहेस?" ती म्हणाली, आईसारखी नाजूक चेन रोज घालायला आवडेल, पण आठ ग्रॅमची नको. मग आम्ही चार ग्रॅमची साधी मशीन चेन ठरवली, मजुरी आठ टक्के. सोनं ४४,०००, मजुरी ३,५२०, जीएसटी आणि हॉलमार्क धरून साधारण ४९,०००. त्यातले सहाएक हजार परत येणार नाहीत, ते तिने कपड्यालत्त्याच्या खर्चात लिहिले. मला ते पटलं. उरलेल्या ५१,००० चं ईटीएफ, तीन हप्त्यांत.

मंगळवारी संध्याकाळी फोंड्याच्या बाजारात शेटच्या दुकानात बसून तिने भिंग मागितलं. शेट माझ्याकडे बघून हसला. ॲपवर क्रमांक घातला, प्रकार 'चेन' आला, शुद्धता ९१६ आली. मग तिने विचारलं, "रोखीला किती कापता?" शेटने दोन टक्के सांगितले. "बिलावर लिहाल?" त्याने क्षणभर पेन हातात फिरवलं आणि लिहिलं.